वॉटर पोलोत शिट्टी वाजली की नक्की काय झालं? स्विमर मुलांच्या आईबाबांसाठी

स्विमिंगच्या रेसमध्ये शिट्टी एकदा वाजते, मूल पोहतं, टायमिंग बोर्डावर येतं, संपलं. वॉटर पोलोत शिट्टी दर पाच-दहा सेकंदांनी वाजते, खेळ थांबल्यासारखा वाटतो आणि लगेच चालूही होतो, मधेच एक मूल एकटंच कोपऱ्याकडे पोहत जातं, आणि बाकावरचे आईबाबा एकमेकांना विचारत बसतात की आता काय झालं. आमच्या पूलवर दरवर्षी काही मुलं रेसिंगमधून पोलोकडे येतात, आणि त्यांच्या घरच्यांना पहिल्या मॅचला मी जे सांगते तेच इथे नीट लिहून ठेवतेय. सगळे नियम नाही सांगणार. साधा फाऊल, एक्सक्लूजन आणि शॉट क्लॉक या तीन गोष्टी कळल्या की मॅचमधलं बरंचसं कळायला लागतं, बाकीचं हळूहळू येतं.

आधी जुजबी माहिती. एका टीमचे सात जण पाण्यात, त्यातला एक गोलकीपर. एका टीमच्या टोप्या पांढऱ्या, दुसरीच्या निळ्या, गोलकीपरची लाल. मोठ्यांच्या मॅचला आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर असतात, मुलांच्या स्पर्धांत बहुतेक वेळा कमी. पण घड्याळ फक्त बॉल खेळात असतानाच पळतं, त्यामुळे आठ मिनिटांचा क्वार्टर आठ मिनिटांत कधीच संपत नाही, पार्किंगवाल्याला वेळ सांगताना हे लक्षात ठेवा. पूलच्या कडेला रंगीत खुणा असतात, गोलपासून २ मीटरला लाल आणि ६ मीटरला पिवळी. ती पिवळी खूण आत्ताच बघून ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली पायरी: बॉल हातात आहे की सुटलेला, एवढंच बघा

बाकावरून सगळ्यात जास्त आरडाओरडा यावर होतो. आपल्या पोराच्या हातात बॉल आहे, मागून दुसरा येऊन त्याच्यावर चढतो, पार पाण्याखाली दाबतो, आणि रेफरी ढिम्म. आई उभी राहून ओरडते, "अहो सर, बुडवतोय तो त्याला!" पण ते नियमातच बसतं. ज्याच्या हातात बॉल आहे त्याला पकडता येतं, ओढता येतं, दाबता येतं. लाथ, ठोसा, गळा धरणं वगैरे अर्थातच नाही, पण टॅकल करता येतं.

तोच मुलगा बॉल सोडून देईल, म्हणजे बॉल पाण्यावर तरंगतोय आणि त्याचा हात लागलेला नाही, त्या क्षणापासून त्याला धरलं, अडवलं, त्याच्या पाठीवर चढलं की फाऊल. बॉल समोर ठेवून दोन हातांच्या मधून ढकलत पोहणं, म्हणजे ड्रिबल, हेही बॉल हातात धरणं मानत नाहीत. म्हणून तुम्ही बघाल की अनुभवी पोरं दाब आला की बॉल पटकन सोडतात, हात वर करतात आणि शिट्टीची वाट बघतात. नवीन मुलं मात्र बॉल घट्ट धरून ठेवतात आणि त्यात एक वाईट गोष्ट होते: समोरच्याने दाबलं आणि बॉल धरलेला हात बॉलसकट पाण्याखाली गेला तर फाऊल बॉलवाल्याचाच. टॅकल होत असताना बॉल पाण्याखाली नेला असं धरतात. म्हणजे आपल्याच पोराला बुडवलं आणि बॉलही समोरच्यांना मिळाला. घरचे यावर फार चिडतात, पण रेफरी बरोबर असतो.

गोलसमोर पाठ करून जो उभा असतो त्याला सगळे सेंटर म्हणतात, आणि त्याच्या मागचा डिफेंडर. या दोघांकडे दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा, बॉल कुठे का असेना. मॅचमधले निम्मे फाऊल तिथेच होतात असं माझं मत आहे.

साधे फाऊल अजूनही आहेत: गोलकीपर सोडून कोणी दोन्ही हातांनी बॉल पकडला, कोणी तळाला पाय टेकवून उडी घेतली, समोरच्याला ढकलून सुटला, वेळ काढला. तळाला पाय लावायचं आपल्याकडे जास्त होतं कारण सगळे पूल काही पूर्ण खोल नसतात, एका टोकाला पोरांचे पाय पोचतात आणि मग मोह आवरत नाही.

साध्या फाऊलची शिक्षा अगदी साधी. दुसऱ्या टीमला फ्री थ्रो. कोणी बाहेर जात नाही, कोणाच्या नावावर काही लिहिलं जात नाही, दिवसभरात वीस केले तरी चालतात. रेफरी एका हाताने फाऊलची जागा दाखवतो आणि दुसऱ्या हाताने ज्या दिशेला अटॅक चालू राहणार ती दिशा. तो दिशेचा हात बघा, बाकी काही कळलं नाही तरी बॉल कोणाचा ते कळतं.

इथेच ती पिवळी खूण. फाऊल ६ मीटरच्या बाहेर झाला आणि बॉलही बाहेरच असेल तर फ्री थ्रो घेणारा थेट गोलवर मारू शकतो. आतमध्ये झाला तर थेट मारता येत नाही, आधी पास द्यावा लागतो. मस्त गोल झाला, सगळे नाचले आणि रेफरीने तो धरलाच नाही असं झालं की बहुतेक वेळा कारण हेच असतं.

आणि कधी कधी फाऊल डोळ्यांनी दिसतो तरी शिट्टी नाही. तो रेफरीचा आळस नाही. अटॅक करणारा धरला असूनही पुढे निघालाय, गोलची संधी आहे, अशा वेळी शिट्टी मारली तर फाऊल करणाऱ्याचाच फायदा होतो, म्हणून रेफरी मुद्दाम खेळू देतो.

दुसरी पायरी: एक्सक्लूजन, म्हणजे पोरगं कोपऱ्यात का गेलं

साधा फाऊल आणि एक्सक्लूजन यात फरक काय हे सगळ्यांना विचारायचं असतं. सोप्यात सांगायचं तर नुसतं अडवलं तर साधा फाऊल. ज्याच्या हातात बॉल नाही त्याला धरून ठेवलं, बुडवलं किंवा मागे खेचलं तर एक्सक्लूजन, म्हणजे थोडा वेळ खेळाबाहेर. तोंडावर मुद्दाम पाणी उडवलं, फ्री थ्रो घेणाऱ्याला आडकाठी केली, तरी एक्सक्लूजन. धरणं आणि अडवणं यातली रेघ बारीक आहे, आणि ती शेवटी रेफरीच्या नजरेवर असते, त्याला इलाज नाही. बाहेरून ओळखायची एक खूण सांगते: सेंटरचे खांदे बघा. तो बॉलकडे जायला निघाला आणि खांदे एकदम मागे गेले किंवा डोकं पाण्याखाली गेलं तर एक्सक्लूजन येणार असं धरून चाला.

रेफरी त्या खेळाडूकडे बोट दाखवतो, हात झटकन बाहेरच्या बाजूला नेतो, आणि मग बोटांनी टोपीचा नंबर दाखवतो. तो नंबर टेबलवर बसलेल्यांसाठी असतो पण तुम्हीही वाचा, कारण तुमच्या पोराचा आहे की नाही हे पाण्यात बारा निळ्या-पांढऱ्या टोप्या उसळत असताना दुसरं कशाने कळणार नाही.

आता मुलाने काय करायचं. वाद घालायचा नाही, लगेच निघायचं, आणि पाण्यातूनच पोहत आपल्या गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथे परत आत यायची जागा आखलेली असते तिथे जायचं. पाण्याबाहेर यायचं नाही. मुलं इथे हमखास गडबड करतात. शिट्टी वाजल्यावर दोन सेकंद "मी काय केलं" असा चेहरा करून तिथेच थांबतात, किंवा जाता जाता पासच्या मधे येतात. बाहेर काढलेला खेळाडू खेळात मुद्दाम आडवा आला असं रेफरीला वाटलं तर समोरच्यांना पेनल्टी मिळते आणि त्या मुलाच्या नावावर आणखी एक फाऊल चढतो. म्हणजे एका चुकीचे दोन.

तो बाहेर असेपर्यंत त्याच्या टीमचे गोलकीपर सोडून पाच जण, समोरचे सहा. अटॅक करणारे गोलसमोर चार आणि मागे दोन अशी रचना लावतात आणि भराभर पास फिरवतात, पाच जण हात वर करून इकडून तिकडे सरकत राहतात. हा मॅचमधला सगळ्यात बघण्यासारखा भाग आहे, मोबाइलवर शूट करायचं असेल तर हेच करा.

परत कधी यायचं? चारपैकी जे आधी होईल तेव्हा. वीस सेकंद खेळ होऊन संपले, किंवा गोल झाला, किंवा त्याच्या टीमने बॉल परत मिळवला, किंवा त्याच्या टीमला फ्री थ्रो वा गोल थ्रो मिळाला. वीस सेकंद पूर्ण झाले की टेबलवरून त्याच्या टोपीच्या रंगाचं निशाण वर होतं, आणि त्याआधी टीमला बॉल मिळाला तर रेफरी हाताने आत ये अशी खूण करतो. आत येतानाही भिंतीला पाय लावून झेप घ्यायची नाही, पोहत यायचं. रेसिंगमधून आलेल्या मुलांना भिंत दिसली की ढकलायची सवयच असते, त्यामुळे हे त्यांना दहादा सांगावं लागतं.

आणि आता आईबाबांसाठी. कोपऱ्यातल्या पोराला बाकावरून "जा जा, आत जा!" असं ओरडू नका. खूण यायच्या आधी आत गेला तर समोरच्यांना पेनल्टी. पोरगं घाबरलेलं असतं, ओळखीचा आवाज आला की ऐकतं.

पेनल्टीचं थोडक्यात: नक्की होणारा गोल फाऊल करून अडवला की पेनल्टी. ६ मीटरच्या आत गोलकडे तोंड करून शॉट मारायला निघालेल्याला मागून अडवलं, बॉलला सोडून अंगाला हात लावला, तरी पेनल्टी. रेफरी पाच बोटं वर करतो कारण पेनल्टी ५ मीटरवरून मारतात. मारामारीसारखं काही झालं तर प्रकरण वेगळं, त्यात मूल उरलेल्या मॅचमधून जातं, टीम चार मिनिटं एक खेळाडू कमी घेऊन खेळते आणि वर पेनल्टी. मुलांच्या मॅचला क्वचित दिसतं आणि दिसलं तर तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

तिसरी पायरी: शॉट क्लॉक

कबड्डीतल्या चढाईला ३० सेकंद असतात ना, तसंच इथे टीमला बॉल मिळाला की ३० सेकंदांत गोलवर शॉट मारायचा. नाही मारला तर बॉल समोरच्यांचा. जागतिक संघटनेने अलीकडे मोठ्या स्पर्धांत हा वेळ कमी करूनही पाहिलाय, त्यामुळे तुमच्या स्पर्धेत आकडा काय आहे ते मॅचच्या आधी कोचला विचारून घ्या. मी पुढे ३० आणि २० धरून सांगतेय, कारण आपल्याकडच्या बहुतेकांना तेच माहीत आहेत आणि आकडा बदलला तरी तर्क तोच राहतो.

तर्क असा. बॉल एका टीमकडून दुसरीकडे गेला की घड्याळ पुन्हा ३०. साध्या फाऊलला घड्याळ थांबतं पण मागे जात नाही, बॉल खेळात आला की जिथे थांबलं तिथूनच पुढे. आणि तीन प्रसंगी त्याच टीमकडे बॉल राहून घड्याळ २० वर येतं: त्यांनी शॉट मारला आणि उडालेला बॉल त्यांनाच परत मिळाला, समोरच्याचं एक्सक्लूजन झालं, किंवा त्यांना कॉर्नर मिळाला. एक्सक्लूजनच्या वेळी घड्याळात वीसपेक्षा जास्त शिल्लक असेल तर ते तसंच राहतं, कमी करत नाहीत. हे न्याय्यच आहे, नाही तर ज्याच्यावर फाऊल झाला त्याचाच वेळ कापल्यासारखं झालं असतं.

कोरडं वाचून डोक्यात राहत नाही, म्हणून एक अटॅक धरून चालू. निळ्यांकडे बॉल, घड्याळ ३०. त्यांचा गोलकीपर पास देतो, सगळे पोहत पुढे येतात, जागा घेईपर्यंत २१. सेंटरकडे बॉल जातो, तो बॉल पाण्यावर ठेवतो, पांढरा ४ नंबर पाठीवर चढतो, शिट्टी. साधा फाऊल, घड्याळ १९ वर थांबलं. सेंटर फ्री थ्रो बाहेर देतो, बॉल दोनदा फिरतो, पुन्हा सेंटरकडे येतो आणि यावेळी बॉल त्याच्यापर्यंत पोचायच्या आत ४ नंबर त्याला मागे खेचतो. घड्याळात १२. शिट्टी, बोट, हात बाहेर. ४ नंबरचं एक्सक्लूजन, घड्याळ २० वर.

आता दोन घड्याळं एकाच वेळी चालू आहेत, ४ नंबरचे वीस सेकंद आणि निळ्यांचे वीस सेकंद. निळे बॉल फिरवतात, घड्याळात ९ असताना शॉट, बॉल खांबाला लागून परत निळ्यांच्याच हातात. शॉट क्लॉक पुन्हा २०. पण ४ नंबरचे सेकंद काही परत वाढत नाहीत, त्याचे अकरा संपले, नऊ उरले. निळे परत मारतात, शॉट क्लॉकवर १५, पांढऱ्यांचा गोलकीपर बोटांनी बॉल गोल लाइनच्या बाहेर ढकलतो. गोलकीपरच्या हातून गेला म्हणून कॉर्नर, घड्याळ परत २०. ४ नंबरचे आता चारच सेकंद राहिले. कॉर्नरचा पास ढिला पडतो, शॉट क्लॉक १७ असताना पांढऱ्यांचा एक जण मधेच तो उचलतो. बॉल पांढऱ्यांना मिळाला, म्हणजे ४ नंबर लगेच आत, त्याचा एक सेकंद बाकी असला तरी. आणि घड्याळ ३०, आता पांढऱ्यांसाठी.

एवढा एक अटॅक तुम्ही बाकावर बसून बोटाने मोजलात तर पुढचे आपोआप कळतात. गंमत बघा, निळ्यांनी एकही गोल केला नाही पण त्यांच्याकडे बॉल सलग चाळीसएक सेकंद राहिला, आणि ४ नंबरला एक्सक्लूजन महागात पडायचं ते थोडक्यात वाचलं.

दोन गोष्टी अजून. घड्याळात दोन-तीन सेकंद उरले आणि शॉटची जागा नसली की मुलं बॉल सरळ समोरच्या टोकाच्या कोपऱ्यात भिरकावून देतात आणि आपल्या गोलकडे पळत सुटतात, म्हणजे पोहत. बाकावरून "अरे मार ना गोलवर!" असा ओरडा होतो. पण वाईट कोनातून मारलेला शॉट गोलकीपरच्या हातात गेला तर तो लगेच लांब पास देऊन उलटा अटॅक करतो आणि तुमची टीम अजून तिकडेच असते. कोपऱ्यात टाकला तर समोरच्यांना बॉल आणायलाच वेळ लागतो. कोचनेच शिकवलेलं असतं ते.

दुसरी गोष्ट, आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांना प्रत्येक वेळी दोन्ही टोकांना दिवे लागणारं शॉट क्लॉक असतंच असं नाही. टेबलवरचा माणूस स्टॉपवॉच धरून बसतो आणि शेवटचे सेकंद मोठ्याने मोजतो. पाण्यात कानावर टोपीचे संरक्षक आणि वरून पोरांचा कल्ला, त्यात ते कोणाला ऐकू जाईल याची खात्री नाही. अशा मॅचला वेळ संपल्याची शिट्टी अचानक आल्यासारखी वाटते आणि सगळे रेफरीवर तुटून पडतात. तुम्हाला मोजायचंच असेल तर मोबाइलचं स्टॉपवॉच लावा, पण प्रत्येक शिट्टीला थांबवा, नाही तर तुमचा आकडा टेबलच्या पुढे पळेल आणि उगाच भांडण होईल.

चौथी पायरी: तीनचा हिशोब

साधे फाऊल मोजत नाहीत हे वर सांगितलंच. पण प्रत्येक एक्सक्लूजन आणि ज्या फाऊलमुळे पेनल्टी दिली तो, हे त्या मुलाच्या नावावर लागतात, आणि तीन झाले की ते मूल उरलेल्या मॅचमध्ये परत येऊ शकत नाही. टेबलवरून लाल निशाण दाखवतात. तिसरा फाऊल एक्सक्लूजन असेल तर त्याच्या जागी दुसरा खेळाडू नेहमीसारखा वेळ संपल्यावरच येतो, पेनल्टी असेल तर लगेच.

म्हणून कोच काय करतात ते बघा. सेंटरला धरणाऱ्या डिफेंडरचे दोन झाले आणि अजून दुसराच क्वार्टर चालू असेल तर त्याला बाकावर बसवतात. मूल रडवेलं होऊन बसतं, घरच्यांना वाटतं वाईट खेळला म्हणून काढला, पण कोच त्याला शेवटच्या क्वार्टरसाठी राखून ठेवत असतो. समोरचा कोचही हेच बघत असतो, आणि ज्याचे दोन झालेत त्याच्याच अंगावर मुद्दाम बॉल पाठवतो, की याने एकदा धरलं की गेला. हे कळलं की चौथा क्वार्टर वेगळाच दिसायला लागतो.

आमच्याकडे एक बाबा वहीच्या पानावर १ ते १३ नंबर उभे लिहून प्रत्येक एक्सक्लूजनला एक रेघ मारतात. पेनल्टीच्या फाऊललाही रेघच, हे विसरायचं नाही, नाही तर टेबलचा हिशोब जुळत नाही. गोल वेगळ्या रकान्यात.

मॅचच्या आधी घरी करायची दोन कामं राहिली. नखं अगदी कमी कापून पाठवा, रेफरी हात बघतो आणि वाढलेली असली तर तिथेच कापायला लावतो, मग नेलकटर शोधत फिरा. आणि थंडीत सकाळच्या मॅचला अंगाला तेल चोपडून पाठवायची आपल्या आज्यांची सवय इथे चालत नाही, अंगावर तेल किंवा काही चिकट लावलेलं नियमात बसत नाही, समोरच्याचा हात निसटतो म्हणून. मुलींच्या टीममध्ये बऱ्याच जणी दोन कॉस्च्यूम एकावर एक घालतात कारण धरपकडीत एक फाटतो, तेव्हा बॅगेत एक जादाचा टाकाच. चेन, कडं, धागेदोरे घरीच काढून ठेवा.

आणि रेघांचा हिशोब तुमचा दोन म्हणतोय आणि टेबलने लाल निशाण दाखवलं, असं झालं तर टेबलकडे जाऊ नका. क्वार्टर संपल्यावर कोचला कागद दाखवा, विचारायचं असेल तर तेच विचारतील.